पीआयपी हातात आला आहे: उत्तर काय द्यावं आणि थांबण्यात अर्थ आहे का?

कोरी_पाटी

सोमवारी मॅनेजर आणि एचआर दोघांनी बसवून ६० दिवसांचा पीआयपी, म्हणजे कामगिरी सुधारण्याची योजना, दिला. सही शुक्रवारपर्यंत हवी आहे. मी ग्राहक-सपोर्टमध्ये आहे, ग्राहकांच्या तक्रारींची तिकिटं बघते, सोबत दर आठवड्याचा एक रिपोर्टही करते. कागदावर तीन उद्दिष्टं आहेत:

१. ९५ टक्के तिकिटांना ४ तासांत पहिलं उत्तर
२. साप्ताहिक रिपोर्ट बिनचूक
३. कामात ओनरशिप आणि पुढाकार दिसला पाहिजे

आधीच्या चुका म्हणून तीन प्रसंग दिलेत. त्यातल्या एका रिपोर्टच्या वेळी मी मंजूर रजेवर होते, तो दुसऱ्याने पाठवला होता. बाकी दोन खरे आहेत, नाकारण्यासारखं काही नाही.

विचारायचं एवढंच: सहीआधी काय लिहावं आणि किती लिहावं? आणि इथे राहण्यात अर्थ आहे का हे नेमकं कशावरून ठरवायचं? "होईल सगळं नीट" सोडून काहीही सांगा.

---

तिरकस_रेघ

स्पष्ट बोलतो. पीआयपी म्हणजे नारळ देण्याआधीची कागदपत्रं. निर्णय झालेला असतो, ६० दिवस फक्त फाइल जाड करायला. त्यामुळे (अ) सही अजिबात करू नका, (ब) आजच्या आज सगळ्या मेल स्वतःच्या खाजगी मेलवर पाठवून ठेवा, (क) त्यांनी काढण्याआधी स्वतः राजीनामा द्या. इज्जत राहते.

---

सावकाश

तिरकस, निर्णय बऱ्याचदा झालेला असतो हे खरं, पण नेहमी नाही. आणि झालेला असला तरी तुमचे तिन्ही सल्ले तिचंच नुकसान करतील.

सही न करण्याने पीआयपी थांबत नाही. ते कागदावर "सही करण्यास नकार" असं लिहितात आणि त्याच तारखेपासून दिवस मोजायला लागतात. सहीचा अर्थ बहुतेक ठिकाणी "मिळाला" एवढाच असतो. तरी सहीच्या वरची ओळ वाचायची. तिथे "मला मान्य आहे" असं असेल तर सहीशेजारी हाताने लिहा: "मिळाला, वाचला. तपशिलाबाबत माझी प्रतिक्रिया मेलने वेगळी पाठवत आहे." ऑनलाइन सही असेल आणि एकच बटण असेल, तर तीच ओळ मेलने आधी पाठवा, मग बटण दाबा. क्रम हाच ठेवा, म्हणजे मेलची वेळ सहीच्या आधीची दिसते.

खाजगी मेलवर ऑफिसच्या मेल पाठवणं तर पूर्ण चूक. त्यात ग्राहकांची माहिती असते आणि डेटा बाहेर पाठवणं हा बहुतेक कंपन्यांत पीआयपीपेक्षा मोठा गुन्हा धरला जातो. मग ६० दिवसही मिळत नाहीत, दुसऱ्या दिवशी प्रवेशपत्र काढून घेतात. बाहेर ठेवायची ती स्वतःची वही: तारीख, कोण काय बोललं, त्या आठवड्याचे आकडे. ग्राहकाचं नाव नाही, स्क्रीनशॉट नाही. पीआयपीची प्रत मात्र अधिकृतपणे मागून घ्या, ती तुमचीच आहे.

राजीनाम्याचं शेवटी बोलू. आधी दोन गोष्टी सांगा. पाटी, ते ४ तास घड्याळाचे की कामाचे? आणि पीआयपीच्या शेवटच्या परिच्छेदात काय लिहिलंय?

---

भिरभिरं

माझंही असंच झालंय. सहा महिन्यांचा प्रोबेशन होता, तो तीन महिन्यांनी वाढवला. मीही हाताने लिहून सही करू का?

---

सावकाश

भिरभिरं, प्रोबेशन वाढणं वेगळं. तिथे तुम्ही अजून कायम झालेले नसता आणि काढण्याच्या अटी सहसा बऱ्याच सैल असतात. तुमच्यासाठी नेमणूकपत्रातली प्रोबेशनची कलमं महत्त्वाची. वेगळा धागा काढा, इथे दोन्हींची सरमिसळ होईल.

---

कोरी_पाटी

तास कुठले ते लिहिलेलंच नाही. तिकिटं सिस्टिम आपोआप वाटते, रात्रीसुद्धा. आठवड्याला साधारण ४० येतात, त्यातली ९-१० ऑफिस सुटल्यावर येतात आणि माझ्या नावावर पडून राहतात. सकाळी आल्यावरच हात लागतो.

शेवटचा परिच्छेद: "योजनेच्या काळात पुरेशी सुधारणा न दिसल्यास मुदत संपण्याआधीही कार्यवाही करता येईल. योजना यशस्वी झाल्यावर पुढील १२ महिन्यांत कामगिरी पुन्हा घसरल्यास नवीन योजना न देता कार्यवाही करता येईल."

---

सावकाश

मग सगळं या दोन उत्तरांतच आहे.

पहिलं उद्दिष्ट घ्या. ४० पैकी ९ तिकिटं रात्री आली तर ती सकाळपर्यंत ४ तासांच्या पुढे गेलेली असणार. तुम्ही दिवसाची ३१ च्या ३१ वेळेत केली तरी आकडा ७७.५ टक्के. म्हणजे जसं लिहिलंय तसं ते तुम्हीच काय, टीममध्ये कुणीही पार करू शकत नाही. हे मुद्दाम केलं असेल असं लगेच धरू नका. बऱ्याच वेळा मॅनेजर डॅशबोर्डवरचा एक आकडा उचलतो आणि सिस्टिम घड्याळ कसं लावते ते त्याने कधी पाहिलेलंच नसतं. पण हा प्रश्न पहिल्या आठवड्यात लेखी विचारला नाही, तर ३० व्या दिवशी तो सबब वाटेल.

दुसरं, ९५ टक्के कशावर? दर आठवड्यावर की सगळ्या काळावर? आठवड्याला ४० म्हणजे चुकायची मुभा फक्त २ ची. एखाद्या आठवड्यात सिस्टिम बंद पडून ५ चुकली की तो आठवडा गेला. तेच आठ आठवड्यांच्या एकूण ३२० वर मोजलं तर मुभा १६ ची होते आणि तो वाईट आठवडा पचतो. उद्दिष्ट तेच, पण पास-नापास इथे ठरतं.

आणि "मुदत संपण्याआधीही" याचा अर्थ खरी परीक्षा ६० व्या दिवशी नाही, ३० व्या दिवशी आहे. कॅलेंडरचे ३० दिवस म्हणजे कामाचे जेमतेम २१-२२. पहिला आठवडा हे कागद नीट करण्यात जाणार. म्हणजे तुमच्याकडे दाखवण्यासारखे पूर्ण आठवडे तीन.

---

दुसरी_बाजू

मी मॅनेजरच्या खुर्चीतून लिहितो. लोकांना वाटतं पीआयपीच्या उत्तरात स्वतःचा बचाव करायचा असतो. चार पानी मेल येते: मागच्या वर्षी मी काय काय केलं, माझ्यावर कसा अन्याय झाला, अमक्याचंही चुकतं मग त्याला का नाही. ती मेल मॅनेजर एचआरकडे ढकलतो आणि तिथे एकच निष्कर्ष निघतो, की हा माणूस अभिप्राय घेत नाही. पीआयपीच्या बाजूने आणखी एक कागद तुम्हीच दिलात.

उलट उद्दिष्टाची मोजणी विचारणारी अर्ध्या पानाची मेल आली, की मॅनेजरला उत्तर द्यावंच लागतं. कारण ती एचआरलाही गेलेली असते आणि "कसं मोजणार" याला उत्तर नसलेली योजना त्यांनाही पुढे अडचणीची ठरते. एचआर तुमची बाजू घेत नाही हे बरोबर, पण प्रक्रिया व्यवस्थित दिसावी यात त्यांचा स्वतःचा फायदा असतो. तेवढ्यापुरते तुमचे आणि त्यांचे हितसंबंध जुळतात.

---

कोरी_पाटी

मग तो रजेचा प्रसंग? तो सोडून द्यायचा?

---

दुसरी_बाजू

अजिबात नाही. तथ्याची चूक असेल तर ती दुरुस्त करायचीच, नाहीतर ती मान्य आहे असं धरलं जातं. पण एका वाक्यात, पुराव्यासकट आणि विशेषणांशिवाय. बाकीच्या दोन प्रसंगांबद्दल "पण" लावून काही जोडू नका. तिन्हींवर वाद घातलात तर रजेचा खरा मुद्दाही त्याच गोंधळात बुडतो. दोन मान्य केले की तिसऱ्याला वजन येतं.

---

सावकाश

मेलचा मसुदा देतो. ऑफिसची जी भाषा असेल त्यात करून घ्या. मॅनेजरला पाठवा, एचआरला सीसी.

> सोमवारी मिळालेली योजना मी वाचली आहे. नमूद केलेल्या प्रसंगांपैकी पहिल्या दोन प्रसंगांतील चुका मला मान्य आहेत. तिसऱ्या प्रसंगातील रिपोर्ट पाठवला गेला त्या दिवशी मी मंजूर रजेवर होते (रजेची नोंद सोबत जोडली आहे). कृपया ती नोंद दुरुस्त करावी.
>
> उद्दिष्टांबाबत पुढील गोष्टी निश्चित करून हव्या आहेत.
>
> उद्दिष्ट १: ४ तास हे कामाच्या वेळेतील धरावेत का? सध्या आठवड्याला सुमारे ९ तिकिटं कामाच्या वेळेनंतर माझ्या नावावर येतात. ९५ टक्के प्रमाण संपूर्ण कालावधीवर मोजावं असं सुचवते. मोजणीसाठी कोणता अहवाल वापरला जाईल तेही कळवावं.
>
> उद्दिष्ट २: रिपोर्ट पाठवल्यानंतर आकडा दुरुस्त करावा लागला तर ती चूक धरावी, असं सुचवते. पाठवण्याआधी एका सहकाऱ्याने तपासण्याची सोय मिळावी.
>
> उद्दिष्ट ३: ओनरशिप कमी पडली असे दोन प्रसंग आणि तिथे काय अपेक्षित होतं, ते कळवावं. माझ्याकडून प्रस्ताव: ३ दिवसांहून जुन्या प्रत्येक तिकिटाची सद्यस्थिती मी रोज संध्याकाळी ५ पर्यंत लिहीन आणि मुदत चुकणार असेल तर ती चुकण्याआधी कळवीन.
>
> साप्ताहिक आढाव्यासाठी दर गुरुवारी अर्धा तास ठेवावा, ही विनंती. प्रत्येक आढाव्यानंतर मी मुद्दे त्याच दिवशी मेलने पाठवीन.

एवढंच. "मला वाटतं", "माझ्या मते अन्याय" असलं काही नाही. आणि ही मेल रागात असताना पाठवायची नाही. लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी वाचून पाठवा. शुक्रवारपर्यंत वेळ आहे.

---

उंटावरून

तिसऱ्या उद्दिष्टाला स्वतःहून प्रस्ताव का द्यायचा? त्यांनी लिहिलंय, त्यांनीच सांगावं की. स्वतःच्या गळ्यात दोरी कशाला?

---

सावकाश

कारण ते सांगणार नाहीत. "ओनरशिप" हा शब्द तसाच राहिला तर शेवटच्या दिवशी मॅनेजरला कसं वाटतं त्यावर निकाल लागेल. तुम्ही प्रस्ताव दिलात की तीन गोष्टींपैकी एक होते. ते "हो" म्हणतात, मग मोजमाप तुमच्या हातात. ते बदलून देतात, तरी मोजमाप मिळालंच. किंवा उत्तरच येत नाही, आणि ती माहिती सगळ्यात मोलाची. दोन आठवडे स्मरणपत्र देऊनही कोणी मोजणी ठरवून देत नसेल, तर त्या योजनेत पास होण्याची जागाच ठेवलेली नाही असं बरंचसं समजायला हरकत नाही.

फक्त प्रस्तावात असंच लिहा जे पूर्णपणे स्वतःच्या हातात आहे. "जुनी तिकिटं निम्म्यावर आणीन" असं लिहू नका, ती दुसऱ्या विभागात अडकलेली असतात. "रोज ५ पर्यंत स्थिती लिहीन" हे कोणी अडवू शकत नाही.

---

मीठमिरची

साप्ताहिक मीटिंगमध्ये एक गोष्ट सगळे विसरतात. "कसं चाललंय?" असं विचारलं की "चांगलं चाललंय, असंच चालू ठेवा" हे उत्तर येतं आणि ६० व्या दिवशी बॉम्ब पडतो. तसं न विचारता प्रत्येक उद्दिष्टाचा आकडा आपण आधी सांगायचा आणि विचारायचं: "आज योजना संपली असती तर हे उद्दिष्ट पूर्ण धरलं असतं का?" हो, नाही किंवा आत्ता सांगता येत नाही, यातलं एक उत्तर घ्यायचं. मग त्याच दिवशी चार ओळींची मेल: पहिल्याला हो, दुसऱ्याला हो, तिसऱ्याला नाही आणि त्याचं कारण अमुक. शेवटी "काही चुकीचं समजले असेन तर उद्यापर्यंत कळवावं."

मॅनेजरने काही कळवलं नाही तर ती मेल तशीच रेकॉर्डवर राहते. चार आठवडे "हो" मिळाल्यावर पाचव्या आठवड्यात नापास करणं अशक्य नसलं तरी अवघड जातं.

---

तिरकस_रेघ

सगळं मान्य. पण तुम्ही सगळे पास कसं व्हायचं ते सांगताय. तिचा दुसरा प्रश्न राहूनच गेला. पास होऊन पुढे काय?

---

सावकाश

बरोबर पकडलंत. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक त्यांचा एक करतात. पास होता येईल का, हा एक. पास झाल्यावर उरलेली नोकरी कशी असेल, हा दुसरा.

पहिल्याची चिन्हं बघा. मॅनेजर आढाव्याला येतो का? तपासायला सहकारी दिला का? चुका दाखवताना नेमकं उदाहरण देतो का? या तिन्हीला वेळ खर्च करावा लागतो, आणि ज्याला काढायचं ठरवलंय त्याच्यावर माणूस वेळ खर्च करत नाही. उलट चिन्हं: दोन आढावे लागोपाठ रद्द, तुमचं काम हळूहळू दुसऱ्याला शिकवायला सांगणं, पुढच्या तिमाहीच्या नियोजनाच्या मेलमधून नाव गळणं, सिस्टिममधला एखादा अ‍ॅक्सेस "चुकून" जाणं. एखादं चिन्ह योगायोग असू शकतं. तीन दिसली तर पास होण्याची तयारी कमी आणि निघण्याची जास्त करा.

दुसऱ्या प्रश्नाला पीआयपीच्या कागदापेक्षा कंपनीचं धोरण बघा. बऱ्याच ठिकाणी पीआयपीच्या वर्षी पगारवाढ आणि बोनस मिळत नाही किंवा कापला जातो, आणि दुसऱ्या टीममध्ये बदली ठरावीक काळ बंद असते. हे एचआरला सरळ, लेखी विचारता येतं: "योजना यशस्वी झाल्यास या वर्षीचं मूल्यांकन, वेतनवाढ आणि अंतर्गत बदली यांवर काय परिणाम होईल?" यात काही उद्धट नाही.

तुमच्या कागदात ते १२ महिन्यांचं कलम आहे. म्हणजे ही ६० दिवसांची योजना नाही, १४ महिन्यांची आहे. पास झाल्यावरही वर्षभर एका वाईट महिन्यात, पुन्हा संधी न देता, काढता येईल. मॅनेजर तोच राहणार असेल आणि बदलीही बंद असेल, तर तुम्ही नेमकं कशासाठी झगडताय ते स्वतःला विचारा. मॅनेजर बदलायचा असेल, किंवा उद्दिष्टं मोजण्याजोगी करून मिळाली आणि चुका खरंच दुरुस्त होण्यासारख्या असतील, तर राहण्यात अर्थ असू शकतो. मी स्वतः त्या कलमाला सगळ्यात जास्त वजन देईन. ते काढून किंवा ६ महिन्यांवर आणून मिळतंय का, हे मेलमध्ये एका ओळीत विचारून बघा. बहुतेक नाही म्हणतील, पण कसं नाही म्हणतात त्यावरून कळतं.

---

दुसरी_बाजू

१२ महिन्यांच्या कलमाला एवढं घाबरू नका. ते कंपनीच्या छापील नमुन्यात असतं, सगळ्यांच्याच पीआयपीत. मॅनेजरने ते वाचलेलंही नसतं कदाचित.

---

सावकाश

छापील असलं तरी वापरता येतं. वापरायची वेळ आली की सगळ्यांना वाचता येतं.

---

दुसरी_बाजू

मान्य. तरी मी म्हणेन, मॅनेजर कसा वागतो ते कलमापेक्षा जास्त सांगतं. यावर आपलं एकमत होणार नाही, ठीक आहे.

---

कोरी_पाटी

मग दुसरी नोकरी शोधायला कधी सुरुवात करायची? ३० दिवस बघून?

---

मीठमिरची

आजपासून. पास होण्याची मेहनत आणि शोध ही दोन्ही एकदम चालतात. ३० व्या दिवशी निकाल वाईट लागला आणि तेव्हा बायोडेटा काढायला बसलात, तर हातात महिनाही नसेल आणि मुलाखतीत घाई चेहऱ्यावर दिसते. नोकरी असताना मुलाखत देणं आणि गेल्यावर देणं यात फरक पडतोच.

पण दिवसाचे तास मोजकेच आहेत, तेव्हा वाटणी ठरवा. ऑफिसची वेळ पूर्ण पीआयपीला, कारण तिथला प्रत्येक आकडा मोजला जातोय. शोध संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी. ऑफिसच्या लॅपटॉपवर बायोडेटाची फाइल उघडायचीसुद्धा नाही. मुलाखत शक्यतो कामाच्या आधी किंवा नंतरची मागा, बहुतेक लोक देतात.

---

उंटावरून

मुलाखतीत पीआयपीबद्दल सांगायचं का?

---

मीठमिरची

स्वतःहून नाही. "का सोडताय" याला पुढच्या नोकरीतलं काहीतरी सांगा, जुन्या मॅनेजरबद्दल अवाक्षर नको. पण अर्जात किंवा तोंडी थेट प्रश्न असेल, की तुमच्यावर औपचारिक कारवाई चालू आहे का, तर खोटं बोलू नका. नंतर उघड झालं तर तेच काढायला पुरेसं कारण होतं.

---

सावकाश

आता राजीनामा. तिरकसचा "इज्जत राहते" हा मुद्दा समजतो. नोकरीतून काढलं असं कागदावर येण्यापेक्षा स्वतः सोडलेलं बरं दिसतं, हे काही क्षेत्रांत खरं आहे. पण पहिल्या आठवड्यात राजीनामा देणं म्हणजे हातातलं सगळं फुकट देणं. ६० दिवसांचा पगार चालू आहे. कित्येक देशांत स्वतः सोडलं तर बेकारभत्ता मिळत नाही, काढलं तर मिळतो. नोटीस काळाचा पगार, साठलेल्या रजेचे पैसे, बोनसची तारीख, विमा कधीपर्यंत, हे सगळं करारावर आणि तिथल्या कायद्यावर अवलंबून असतं. करारपत्र काढून या चार गोष्टी आधी वाचा.

दुसरं म्हणजे मधला रस्ता असतो. बऱ्याच वेळा कंपनीलाही ६० दिवस ओढायचे नसतात. तेव्हा सहमतीने बाहेर पडण्याची बोलणी होऊ शकतात: शेवटची तारीख, त्या तारखेपर्यंतचा आणि वर काही आठवड्यांचा पगार, अनुभवपत्रातली भाषा, कोणी चौकशीला फोन केला तर काय सांगणार. तोंडी कबूल केलेलं काही धरू नका. लेखी करार हातात येईपर्यंत राजीनाम्याची मेल पाठवायची नाही. लोक नेमके इथे फसतात. एचआर म्हणतं "तुम्ही आधी राजीनामा टाका, बाकी आपण बघू", आणि एकदा टाकला की बघण्यासारखं काही उरत नाही.

---

दुसरी_बाजू

ही बोलणी कोणी सुरू करायची, यावर माझं मत वेगळं आहे. तुम्ही पहिल्या आठवड्यात विषय काढलात तर मॅनेजरला वाटतं ही निघालीच, आणि मग तो आढाव्यात मन घालत नाही. राहायचं असेल तर ३० व्या दिवसापर्यंत तोंड बंद ठेवा.

---

तिरकस_रेघ

आणि ३० व्या दिवशी त्यांना पैसे द्यायची गरजच काय? फाइल तयार असते तेव्हा. किंमत मिळते ती सुरुवातीला, जेव्हा त्यांना ६० दिवसांची कटकट समोर दिसत असते.

---

सावकाश

दोघांचंही एका परिस्थितीत बरोबर आहे. उद्दिष्टांच्या मेलला उत्तर कसं येतं ते आधी बघा. मोजणी दुरुस्त करून मिळाली तर दुसरी_बाजू म्हणतात तसं गप्प राहून काम करा. मेलला दोन आठवडे उत्तरच नसेल तर तिरकस बरोबर, तेव्हाच बोलणी काढा, कारण उत्तर न दिलेली ती मेल त्यांच्या फाइलमधली फट आहे. मधलं काहीतरी झालं, म्हणजे एक उद्दिष्ट दुरुस्त आणि दोन तशीच, तर काय करावं हे लांबून सांगता येणार नाही.

---

पानगळ

एक राहिलंय. पीआयपी येण्याआधी थोड्याच दिवसांत तुम्ही कुणाविरुद्ध तक्रार केली असेल, किंवा आजारपणाची, बाळंतपणाची रजा घेतली असेल, तर हा सगळा सल्ला पुरेसा नाही. तेव्हा सहीआधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला कागद दाखवा, तासाभराची फी गेली तरी चालेल. उत्तराच्या मेलमधलं एखादं वाक्य पुढे तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं, आणि ते कोणतं हे इथे कोणी सांगू शकणार नाही.

---

कोरी_पाटी

तसं काही नाही माझ्या बाबतीत. मसुदा वापरते, १२ महिन्यांची ओळ घालून. उद्या सकाळी पाठवीन.

शेवटचा प्रश्न. पुढच्या महिन्यात आधीच मंजूर झालेली चार दिवसांची रजा आहे. रद्द करू का?

---

मीठमिरची

लगेच रद्द करू नका. आधी लेखी विचारा: ते चार दिवस ६० मध्ये धरले जातील की मुदत तेवढी पुढे जाईल, आणि त्या काळात तुमच्या नावावर येणारी तिकिटं दुसऱ्याकडे वळवली जातील का. सिस्टिममध्ये तुमची अनुपस्थिती लावली नाही तर चार दिवसांची सगळी तिकिटं तुमच्या ९५ टक्क्यांत धरली जातील. ती कोण लावतं, तुम्ही की मॅनेजर, ते आत्ताच बघून ठेवा. आणि त्या आठवड्याचा रिपोर्ट कोण पाठवणार त्याचं नाव मेलमध्ये येऊ द्या, नाहीतर पुन्हा तोच तिसरा प्रसंग.

---

सावकाश

आणि रजा ३० व्या दिवसाच्या आढाव्याला चिकटून येत असेल तर आढावा रजेच्या आधी मागा. रजेवरून आल्या दिवशी घेतलेल्या आढाव्यात ताजे आकडे नसतात, जुन्या चुका मात्र असतात.